‘ते इमासु’ म्हणजे नेहमीच ‘करीत आहे’ नव्हे

जपानी भाषेच्या प्राथमिक वर्गात क्रियापदाचे ‘ते’-रूप आले, की मराठी विद्यार्थ्याला ते फारसे परके वाटत नाही. आपल्या ‘-ऊन’ प्रत्ययाशी त्याचे बरेच साम्य आहे. ‘ताबेते इकु’ म्हणजे ‘खाऊन जाणे’. याच रूपापुढे ‘इरु’, किंवा आदरार्थी ‘इमासु’, ठेवले की चालू क्रिया दाखवता येते. ‘होन ओ योन्दे इमासु’ म्हणजे ‘पुस्तक वाचत आहे’. सरावात अशीच पाच-दहा वाक्ये घोकली जातात आणि ‘ते इमासु’ म्हणजे ‘-त आहे’ असे समीकरण पक्के होते. पुढचा घोळ तेथूनच सुरू होतो.

समजा, कार्यालयात कोणी सांगितले, ‘तानाका-सान वा ओसाका नि इत्ते इमासु.’ विद्यार्थी अर्थ लावतो, तानाका ओसाकाला जात आहेत. म्हणजे अजून वाटेत असतील. प्रत्यक्षात सांगणाऱ्याला म्हणायचे असते, की ते ओसाकाला गेलेले आहेत, येथे नाहीत. ‘शिन्दे इमासु’चा अर्थही ‘मरत आहे’ असा होत नाही. ‘मेलेला आहे’ असाच होतो.

हा फरक भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किन्दाइची यांनी १९५० मध्ये क्रियापदांच्या वर्गीकरणातून मांडला. वाचणे, खाणे, लिहिणे या क्रियांना वेळ लागतो. तेथे ‘इमासु’ क्रिया चालू असल्याचे सांगते. मरणे, लग्न होणे, दिवा लागणे हे बदल क्षणात घडतात. तेथे ते बदलानंतर उरलेली स्थिती सांगते. मराठीत ‘बसत आहे’ आणि ‘बसला आहे’ अशी दोन रूपे असल्याने आपण निवड करतो. जपानीत रूप एकच, निवड क्रियापदच करते. संशय आल्यास ‘दहा मिनिटे’ जोडून पाहावे. ‘दहा मिनिटे वाचले’ चालते, ‘दहा मिनिटे मेला’ चालत नाही. (कसोटी ढोबळ आहे, पण सुरुवातीला कामाला येते.)

‘किरु’ या शब्दात तर दोन्ही अडचणी एकत्र येतात. या उच्चाराची दोन क्रियापदे आहेत, अंगात घालणे आणि कापणे. पहिल्याचे रूप ‘किते’, दुसऱ्याचे ‘कित्ते’. ‘कामि ओ कित्ते इमासु’ म्हणजे कागद कापत आहे. येथे क्रिया चालू आहे. ‘शिरोइ शात्सु ओ किते इमासु’चा अर्थ मात्र साधारणतः ‘पांढरा शर्ट घातला आहे’ असा होतो. बाह्यांत हात घालणे चालू आहे, हे निःसंदिग्ध सांगायचे तर ‘किते इरु तोकोरो देसु’ असे म्हणावे लागते. ‘त्त’वर एका मात्रेचा थांबा घेतला नाही, तर ऐकणाऱ्याला कागद कापला जातोय की अंगावर चढवलाय, हेच कळणार नाही. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे उच्चारणाऱ्या मराठी जिभेला हा थांबा जड जाऊ नये. घाईत मात्र तोच गळतो.