पॅरिसच्या उन्हात रात्रीचा एक

जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तिथे काढलेल्या एखाद्या फोटोत आयफेल टॉवरवर तिरपं ऊन पडलेलं असतं आणि खाली नोंद दिसते १६ जून, पहाटे १ वाजता. अशा वेळी ओळखावं की कॅमेऱ्याचं घड्याळ भारतातच राहिलंय. मोबाइल नेटवर्कवरून स्वतःची वेळ बदलून घेतो, कॅमेरा मात्र सहसा नाही. त्यामुळे दोन्हींचे फोटो एका अल्बममध्ये टाकले, की जेवणाचा फोटो आधी आणि त्याआधीची बोटीची सफर नंतर, असा घोळ होतो.

ही वेळ फोटोच्या फाइलमध्येच, एक्झिफ नावाच्या नोंदींत लिहिलेली असते. तारीख, तास, मिनिटं, सेकंद, एवढंच. ती वेळ कुठल्या देशाची, हे लिहायची सोय एक्झिफमध्ये २०१६ साली आली, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत ती नसते.

दुरुस्तीसाठी आधी फरक काढायचा. उन्हाळ्यात पॅरिस भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पण कॅमेऱ्याचं घड्याळ काही मिनिटं पुढंमागं झालेलं असू शकतं. म्हणून कॅमेरा आणि मोबाइल, दोन्हींनी एकाच क्षणी टिपलेलं काही शोधावं आणि दोन्ही वेळांची वजाबाकी करावी. असा क्षण सापडला नाही, तर आता कॅमेऱ्यानं मोबाइलच्या घड्याळाचाच फोटो काढावा. मोबाइल भारतात परतलेला असल्यानं घड्याळ किती चुकतंय ते त्यावरून कळतं, आणि ती मिनिटं साडेतीन तासांत मिळवायची किंवा वजा करायची. मात्र मधल्या काळात कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलं नसावं.

मग फक्त कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावेत, कारण मोबाइलचे फोटो बरोबरच आहेत. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमला पुढची आज्ञा द्यावी:

```
exiftool "-AllDates-=3:30" Paris_Camera
```

फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोच्या वेळेतून साडेतीन तास वजा होतात. १६ जूनच्या पहाटे १चे १५ जूनचे रात्री ९:३० होतात, म्हणजे तारीखही आपोआप मागे जाते. मूळ फाइल `_original` हे शेपूट लावून जपली जाते.

हीच आज्ञा चुकून दुसऱ्यांदा दिली, तर आणखी साडेतीन तास वजा होतील, कारण फोटो आधीच दुरुस्त झालाय हे प्रोग्रॅमला कळत नाही. तसं झालं तर `-=` च्या जागी `+=` लिहून एकदा उलटं फिरवावं. नव्या कॅमेऱ्यानं फोटोत +05:30 असंही लिहिलं असेल, तर ते वेगळं बदलावं लागतं:

```
exiftool "-OffsetTime*=+02:00" Paris_Camera
```

शेवटी फोल्डर पुन्हा एकत्र करून वेळेनुसार लावावा आणि सावल्यांकडे बघावं. भर दुपारच्या फोटोंखाली दुपारचीच वेळ दिसली, की `_original` फाइली पुसायला हरकत नाही.