अठरा रुपयांचा फरक

पुस्तकातल्या गणिताचा फोटो काढून मोबाइलवरून ताईला, मामाला किंवा शिकवणीच्या सरांना पाठवायचा, ही आता घरोघरची रीत झाली आहे. पलीकडून पायऱ्या मांडून उत्तर येते आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी ते जुळत नाही. मग ‘पुस्तकच चुकलंय’ म्हणून विषय मिटतो, नाही तर एखादी पायरी बदलून छापील उत्तर कसेबसे आणले जाते. यातला दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण त्यात मूल बरोबर रीत मोडायला शिकते. अशा वेळी दोन उत्तरांची वजाबाकी करून तो फरक कागदावर लिहावा. चूक कुठे आहे हे पुष्कळदा त्या फरकावरूनच कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, फोटोत एवढेच दिसते आहे: ‘20,000 रुपयांचे दरसाल दर शेकडा 8 दराने 1½ वर्षाचे चक्रवाढ व्याज काढा.’ मामाने हिशेब केला. पहिल्या वर्षाचे व्याज 1,600, म्हणून रास 21,600. पुढच्या सहा महिन्यांना 4 टक्क्यांनी 864. एकूण व्याज 2,464 रुपये. पुस्तकात उत्तर आहे 2,479.28. फरक 15 रुपये 28 पैसे. या आकड्याचा कशाशीच मेळ बसत नाही.

हिशेब पुन्हा तपासण्याआधी फोटो तपासायला हवा. पुस्तकाच्या शिवणीकडे पान वळते आणि ओळीची सुरुवात किंवा शेवट तिथे गडप होतो. घातांक आणि दशांशचिन्ह पुसट होतात. 1½ मधली रेघ फिकट आली तर ते 11/2, म्हणजे साडेपाच वर्षे वाटू शकते. देवनागरी आकडे असतील तर १ आणि ९ यांची गल्लत होते. म्हणून पान सपाट ठेवून, उजेडात, पूर्ण पानाचा नवा फोटो मागवावा. स्वाध्यायाचे शीर्षक आणि त्याखालची सूचना त्यात दिसली पाहिजे, कारण ‘π = 3.14 घ्या’ किंवा ‘g = 10 घ्या’ असल्या गोष्टी बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात. उत्तराच्या पानाचाही फोटो घ्यावा. शेजारच्या गणिताचे किंवा पुढच्या स्वाध्यायाचे उत्तर वाचले जाणे अगदी सहज घडते.

आपल्या उदाहरणात नव्या फोटोत बोटाखाली झाकलेली एक ओळ सापडली: ‘व्याजाची आकारणी सहामाही आहे.’ आता मुदतीचे तीन भाग झाले आणि प्रत्येकाला दर 4 टक्के. पहिल्या सहामाहीचे व्याज 800, दुसरीचे 20,800 वर 832, तिसरीचे 21,632 वर 865.28. बेरीज 2,497.28.

मामाचे जुने उत्तर यापेक्षा 33 रुपये 28 पैशांनी कमी होते. हा फरक फोडून पाहण्यासारखा आहे. पहिल्या सहामाहीचे 800 रुपये मुद्दलात मिळवल्यामुळे दुसऱ्या सहामाहीत त्यांच्यावर 4 टक्क्यांनी 32 रुपये मिळाले. तिसऱ्या सहामाहीत त्या 32 रुपयांवर आणखी 1.28. दोन्ही मिळून बरोबर 33.28. म्हणजे मामाची आकडेमोड कुठेच चुकली नव्हती. त्याने वार्षिक आकारणीचे गणित सोडवले होते आणि पुस्तकात सहामाहीचे होते. फरकाचा असा पैशापर्यंत उलगडा झाला, की कारण सापडले असे खुशाल समजावे.

पण छापील उत्तर अजूनही जुळत नाही. 2,497.28 आणि 2,479.28 यांत 18 रुपयांचा फरक उरतोच.

पुस्तकावर ठपका ठेवण्याआधी एक काम बाकी आहे. हेच गणित दुसऱ्या कोणत्या समजुतीने सोडवले तर छापील उत्तर येते का, ते पाहायचे. सरळव्याज धरले तर 2,400 येतात. वार्षिक आकारणीचे 2,464 वर आलेच आहेत. कॅल्क्युलेटरवर 1.08 चा दीडावा घात घेतला तर 2,447.38 येतात, आणि तिमाही आकारणी धरली तर 2,523.25. छापील आकडा यांपैकी एकाही वाटेने येत नाही. मग उलटा हिशेब करावा. 2,479.28 व्याज येण्यासाठी मुद्दल किती हवे? सुमारे 19,855 रुपये 84 पैसे. मुद्दल 20,000 च ठेवले तर दर साधारण 7.94 टक्के हवा. शालेय पुस्तकात असले मुद्दल किंवा असला दर कोणी घालणार नाही, तेव्हा प्रश्नातला आकडा चुकीचा छापला गेल्याचा संशयही मावळतो.

आता छापील उत्तराच्या पैशांकडे पाहा. ते .28 च आहेत. हे 28 पैसे तिसऱ्या सहामाहीच्या 865.28 मधून आले आहेत. लेखकाने गणित सहामाही पद्धतीनेच सोडवले आणि शेवटपर्यंत बरोबर सोडवले, याची ही मोठी खूण आहे. जे बिघडले ते रुपयांच्या आकड्यात बिघडले.

तिथे हिशेबनीसांची एक जुनी युक्ती कामी येते. लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की चुकीच्या आणि बरोबर आकड्यांतला फरक नेहमी 9 ने भागला जातो. 97 चे 79 झाले तर फरक 18, म्हणजे 9 गुणिले त्या दोन अंकांतला फरक 2. आपल्याकडे नेमके तेच झाले आहे: 2,497 चे 2,479. अर्थात केवळ 9 ने भाग जातो म्हणून अंक फिरले असे म्हणता येत नाही, कारण लागोपाठच्या कोणत्याही नऊ संख्यांत एकीला 9 ने भाग जातोच. इथे पैसे जुळतात, दुसरी कोणतीही वाट तिथे पोहोचत नाही आणि दोन अंक फिरवले की उत्तर तंतोतंत मिळते. हे सगळे एकत्र आल्यामुळे जुळाऱ्याच्या किंवा मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटलेली ही चूक आहे असे म्हणायला आधार मिळतो.

सगळेच फरक असे नसतात. वर्तुळाच्या गणितात एकाने 22/7 आणि दुसऱ्याने 3.14 घेतले, तर दोन उत्तरांत हजाराला साधारण एकाचा फरक पडतो. 9.8 ऐवजी g = 10 घेतल्याने शेकड्याला दोनाच्या आसपास. इथे कोणीच चुकलेले नसते. मात्र फरक बरोबर दुप्पट किंवा निमपट असेल, तर व्यासाच्या जागी त्रिज्या धरली गेली का ते आधी आपल्याच वहीत शोधावे. चिन्हच उलट आले असेल, तर दिशा कोणती धन मानली हे पाहावे.

दुसरा पुरावा शोधायचा तर त्याच पुस्तकाची नंतरची आवृत्ती किंवा प्रकाशकाचे शुद्धिपत्र पाहावे. बाजारातल्या दोन गाइडांत तेच उत्तर आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही, कारण दोन्हींत ते मूळ पुस्तकातूनच उतरवलेले असू शकते. गणित शून्यापासून वेगळ्या रीतीने सोडवून पाहणारा एक माणूस इथे दोन गाइडांपेक्षा भरवशाचा. आपल्या गणितात ती दुसरी रीत म्हणजे 1.04 चा घन, 1.124864. त्याला 20,000 ने गुणले की रास 22,497.28.

वहीत 2,497.28 हेच उत्तर सर्व पायऱ्यांसह ठेवावे आणि शेजारी छापील उत्तर, पान आणि आवृत्ती लिहून ठेवावी. शिक्षकांना दाखवताना ‘उत्तर चुकलंय’ एवढेच न म्हणता ‘सर, इथे 97 चे 79 झालेत असं वाटतं, या पायऱ्या बघता का?’ असे विचारले, तर पाहणाऱ्याचे काम मिनिटभराचे होते. प्रकाशकाला कळवतानाही हाच मजकूर पाठवावा. स्पर्धा परीक्षांतही हेच लागू आहे. एमपीएससी पहिली उत्तरतालिका जाहीर करून ठरावीक मुदतीत हरकती मागवते, आणि तिथे नुसत्या मतापेक्षा मांडून दाखवलेला हिशेब आणि ग्राह्य संदर्भ यांनाच वजन असते.