जुनी डिस्क, नवा एक्सबॉक्स

कपाटात एक्सबॉक्स 360 च्या डिस्क पडून आहेत आणि घरात नवा कन्सोल येणार आहे. अशा वेळी दुकानात सर्वात आधी एकच गोष्ट बघावी, ती म्हणजे डिस्क ड्राइव्ह. सिरीज एक्सला तो आहे, पण त्याच्या डिजिटल आवृत्तीला नाही. स्वस्तातल्या सिरीज एसला नाही आणि बाहेरून जोडूनही चालत नाही. त्यामुळे एस घेतला की साऱ्या डिस्क निरुपयोगी ठरतात आणि तेच गेम स्टोअरमधून पुन्हा विकत घ्यावे लागतात.

एक्स घेतला तरी 360 ची प्रत्येक डिस्क चालते असं नाही. जुन्या कन्सोलचा प्रोसेसर वेगळ्या घडणीचा होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने एकेक गेम तपासून, प्रकाशकाची परवानगी घेऊन नव्या यंत्रासाठी तयार केला. 15 नोव्हेंबर 2021 ला शेवटचे 76 गेम आले आणि परवान्यांच्या व तांत्रिक अडचणींमुळे ही यादी तिथेच थांबली.

‘रेड डेड रिडेम्प्शन’ या यादीत आहे. त्याची 360 ची डिस्क सिरीज एक्समध्ये घातली की कन्सोल ती ओळखतो, पण गेम डिस्कवरून उतरवत नाही. नव्या यंत्रासाठी बांधलेली प्रत इंटरनेटवरून डाउनलोड होते. डिस्क इथे फक्त चावीचं काम करते. मात्र ही चावी दरवेळी लागते. खेळताना डिस्क आत नसेल तर गेम सुरूच होत नाही. यादीबाहेरची डिस्क घातली तर हा गेम इथे चालत नाही, असा संदेश येतो. आपल्याकडे एकेकाळी सर्रास मिळणाऱ्या कॉपी केलेल्या डिस्क तर कन्सोल स्वीकारतच नाही.

गेम चालतो की नाही हे पाहायला बरेच जण स्टोअरमध्ये शोधतात आणि तिथेच फसतात. पहिला ‘फोर्झा होरायझन’ 2016 मध्ये विक्रीतून काढला गेला, त्यामुळे तो आता विकत मिळत नाही. पण यादीत आहे, म्हणून मूळ डिस्क घातली की डाउनलोड होतो. नव्याने खेळू पाहणाऱ्याला अशा गेमची जुनी डिस्कच शोधावी लागते. म्हणून स्टोअरवर विसंबू नये, एक्सबॉक्सच्या अधिकृत यादीत नाव पाहावं. एक्सबॉक्स वनच्या डिस्कसाठी एवढी चौकशी नको. किनेक्ट कॅमेऱ्याशिवाय न चालणारे गेम सोडले, तर त्या जवळजवळ सगळ्या चालतात.

जुना 360 विकायची मात्र घाई करू नये. अर्धवट खेळलेला गेम पुढे न्यायचा असेल, तर त्यातली सेव्ह आधी क्लाउड स्टोरेजमध्ये हलवावी लागते आणि ते काम 360 वरच होतं. मग नव्या कन्सोलवर त्याच खात्याने तो गेम उघडावा. जिथे थांबलो होतो तिथून सुरू झाला, तरच जुनं यंत्र विकायला काढावं.