हजेरी एकाची, नोंदी दोन

झूमवरचा तास संपला की शिक्षकाला अहवालात प्रत्येकाच्या येण्या-जाण्याच्या वेळा मिळतात. बनवाबनवी शोधायची ती तिथे. नुसती एकूण मिनिटे पाहून ती सापडत नाही.

समजा, एकाच ईमेलच्या दोन नोंदी आहेत: १०.०० ते १०.४० आणि १०.१२ ते १०.५५. म्हणजे २८ मिनिटे एकच विद्यार्थी दोनदा हजर! लॉगिन वाटून घेतले? घाई नको. झूमवर एकच खाते संगणकावर आणि फोनवर एकाच वेळी चालते. दुसऱ्या नोंदीवर वेगळे नाव असेल, तर मात्र संशय बळावतो.

दोन मित्र महिनाभर रोज एकाच सेकंदाला येत-जात असतील, तर दोन्ही उपकरणे बहुधा एकाच हातात आहेत. तास संपवताना सगळेच एकदम बाहेर पडतात, ते मात्र धरू नये.

आरोप करण्याआधी शिक्षकांनी दोघांनाही तासात नाव घेऊन, लागोपाठ प्रश्न विचारावेत.