फ्रेंचमधला नकार आणि राहून गेलेला ‘पा’

‘झ क्रँ क स न स्वा पॉसिब्ल.’ फ्रेंच शिकून दोन-तीन वर्षं झालेला कुणीही क्लायंटला असं लिहून मोकळा होतो. त्याला म्हणायचं असतं, ‘हे शक्य होणार नाही असं वाटतं.’ वाक्याचा खरा अर्थ मात्र ‘हे शक्य होईल अशी मला भीती वाटते’ असा होतो. भीती दाखवणाऱ्या क्रियापदानंतर येणारा हा ‘न’ नुसता शोभेचा असतो, त्यात नकार नसतो. नकार हवा असेल तर पुढे ‘पा’ लागतो : ‘स न स्वा पा पॉसिब्ल.’ एवढासा ‘पा’ राहून गेला की क्लायंट गोंधळतो आणि सोयीचा तोच अर्थ धरून बसतो.

म्हणून नकाराच्या पत्रात ‘क्रँ’च्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत. व्यवसायात रुळलेलं वाक्य सरळ आहे : ‘नू न सोम मालरझमाँ पा आँ म्यझ्यूर द...’, म्हणजे ‘दुर्दैवाने आम्ही अमुक करण्याच्या स्थितीत नाही.’ यात ‘करणार नाही’चा ताठा नाही, पण फटही ठेवलेली नाही. फट पडते ती ‘पुव्हाँ’च्या जागी ‘पुरियाँ’ लिहिल्यावर. ‘आम्हाला जमत नाही’चं ‘आम्हाला जमणार नाही बहुधा’ होतं आणि क्लायंट लगेच विचारतो, ‘मग कशाने जमेल?’ आदर दाखवायला हे रूप विनंतीत शोभतं, नकारात ते महागात पडतं. आपलं ‘बघतो, प्रयत्न करतो’ही तसंच. मराठीत समोरच्याला त्यातून काय ते कळतं. फ्रेंचमध्ये ‘झ व्हे एसेये’ लिहिलंत, तर आठवड्याने विचारणा येते, की प्रयत्नाचं काय झालं?

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. लिऑनमधला एक छोटा पुरवठादार लीलमधल्या दुकानदाराला खोकी पुरवतो. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. दुकानदारीणबाई लिहितात : यापुढे बिल 90 दिवसांनी चुकवलं तर चालेल का? पुरवठादाराला ते परवडत नाही, पण गिऱ्हाईकही गमवायचं नाही.

इथे फ्रान्सचा कायदाच त्याच्या बाजूने आहे. 2008च्या सुधारणेपासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या उधारीला मर्यादा आहे : बिलाच्या तारखेपासून 60 दिवस, किंवा करारात तसं स्पष्ट असेल तर महिनाअखेर धरून 45 दिवस. दोघं राजी असले तरी हे ओलांडता येत नाही. उल्लंघनाचा दंड कंपनीला 20 लाख युरोपर्यंत होऊ शकतो. तेव्हा ‘तुमच्यावर भरवसा नाही’ असा वासही न येता नकाराचं कारण पुढे ठेवता येतं. मात्र कायद्याचं कलम पहिल्याच ओळीत आदळलं तर ते धमकीसारखं वाचलं जातं.

पत्र असं बेतावं. आधी विनंती पोहोचल्याची पोच आणि आभार, एका वाक्यात. मग लगेच नकार, तोही एकाच वाक्यात : ‘90 दिवसांची मुदत देण्याच्या स्थितीत आम्ही नाही, कायदा ती 60 दिवसांपुरती मर्यादित ठेवतो.’ माफी एकदाच. तीन-तीनदा ‘देझोले’ लिहिलं की चूक आपलीच होती असं वाटायला लागतं. कारणही एकच पुरे. चार कारणं दिली की क्लायंट त्यातलं सर्वांत लेचंपेचं उचलून त्यावर घासाघीस करतो.

पत्राचा कणा त्यापुढचा शब्द आहे : ‘आँ रव्हाँश’, म्हणजे ‘मात्र त्याबदली’. इथे पुरवठादाराने हिशोब मांडायचा. सगळा माल 10 मार्चला गेला, तर 60 दिवस 9 मेला भरतात. बाईंना हवी होती 8 जून. पण निम्मा माल 10 मार्चला आणि निम्मा खरोखरच 10 एप्रिलला पाठवला, प्रत्येकाचं बिल वेगळं केलं, तर दुसऱ्या बिलाची मुदत 9 जूनला संपते. म्हणजे निम्म्या रकमेपुरती तरी बाईंची अडचण सुटते, कायदाही मोडत नाही. वाहतुकीचा जादा खर्च कुणी सोसायचा ते पत्रातच लिहून टाकावं, नाहीतर तोच पुढच्या भांडणाचा मुद्दा होतो.

उरतो शेवटचा नमस्कार. सहा वर्षं ‘बियँ कोर्दियालमाँ’वर संपणाऱ्या पत्रव्यवहारात नकाराच्या दिवशी अचानक ‘झ व्हू प्री दाग्रेए’ने सुरू होणारं लांबलचक वाक्य आलं, तर आतला मजकूर कितीही गोड असो, बाईंना वाटेल की हे पत्र वकिलाने लिहून दिलंय.