मिरची रोखीत, पूड उधारीत

मागच्या लेखात विक्रीचा अंदाज मांडून झाला. या आठवड्यात अंदाजपत्रकी ताळेबंद घ्यायचा ठरला होता, पण तो पुढे ढकलावा लागतो आहे. कारण शहाद्याच्या एका वाचकाचा प्रश्न: 'हिशेबात नफा दिसतो, मग ऐन हंगामात बँकेचं खातं कोरडं का पडतं?' ताळेबंदाकडे जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, आणि त्यासाठी नंदुरबारच्या मिरचीइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

दिवाळीच्या आगेमागे नंदुरबार बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. व्यापारी आणि पूड करणारे कारखानदार ती लिलावात घेतात आणि गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात. लालभडक पथारींचा तो विस्तार नंदुरबारकरांच्या रोजच्या पाहण्यातला. पण हिशेब करणाऱ्याने तिथे आणखी एक गोष्ट पाहायला हवी. त्या पथारीवर रोख मोजून घेतलेला माल पडलेला असतो, कारण शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकते करावे लागतात. त्याच मिरचीची पूड मात्र दुकानदाराला उधारीवर जाते. पैसा आज बाहेर जातो आणि दीड-दोन महिन्यांनी परत येतो. रोकड अंदाजपत्रकाचं सगळं काम या मधल्या काळाचं आहे.

समजा, एक छोटा पूड कारखाना आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत; प्रत्येकाने स्वतःच्या वहीतले घालावेत. पुडीचा भाव किलोला २५० रुपये. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची विक्री प्रत्येकी १० लाख, नोव्हेंबरची १२, डिसेंबरची १६, जानेवारी आणि फेब्रुवारीची प्रत्येकी २० लाख. जुन्या खतावणीवरून दिसतं की विक्रीतले २० टक्के त्याच महिन्यात हाती येतात, ५० टक्के पुढच्या महिन्यात, २८ टक्के त्याच्याही पुढच्या महिन्यात, आणि २ टक्के बुडतात. ही टक्केवारी बिलावर छापलेल्या मुदतीवरून घ्यायची नाही. बिलावर '३० दिवस' लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक प्रत्यक्षात कधी पैसे देतं, ते खतावणी सांगते.

मग डिसेंबरची वसुली किती? डिसेंबरच्या १६ लाखांचे २० टक्के म्हणजे ३.२ लाख, नोव्हेंबरच्या १२ लाखांचे ५० टक्के म्हणजे ६ लाख, आणि ऑक्टोबरच्या १० लाखांचे २८ टक्के म्हणजे २.८ लाख. एकूण १२ लाख. विक्री १६ लाखांची, पेटीत आले १२.

आता बाहेर जाणारा पैसा. ओली मिरची ४० रुपये किलो धरली, तर नोव्हेंबरमध्ये २० टन, डिसेंबर आणि जानेवारीत प्रत्येकी ३५ टन, फेब्रुवारीत २० टन. हंगाम संपल्यावर माल मिळणार नाही, म्हणून जानेवारीपर्यंत विक्रीपेक्षा खरेदी मुद्दाम जास्त. तिच्यावर वाळवणीची मजुरी, दळण आणि पॅकिंग, शिवाय दरमहा एक लाखाचा स्थिर खर्च. यंत्रांचा घसारा महिन्याला वीस हजार आहे, पण तो इथे येत नाही, कारण घसाऱ्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाती ३ लाख होते असं धरून चित्र असं निघतं (आकडे लाखांत):

| महिना | वसुली | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर | १०.२० | १०.५० | २.७० |
| डिसेंबर | १२.०० | १७.३० | −२.६० |
| जानेवारी | १५.३६ | १७.५० | −४.७४ |
| फेब्रुवारी | १८.४८ | ११.०० | २.७४ |

वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चार किलो ओल्या मिरचीतून एक किलो वाळलेली मिळते असं धरलं, तर किलोभर पुडीत १६० रुपयांची मिरची आणि ३० रुपयांचा इतर बदलता खर्च बसतो. म्हणजे किलोमागे ६० रुपये उरतात. डिसेंबरमध्ये ६,४०० किलो पूड विकली. स्थिर खर्च, घसारा आणि बुडीत उधारी वजा जाऊनही नफा २.३२ लाख निघतो. त्याच महिन्याअखेर रोकड २.६० लाखांनी उणी. दोन्ही आकडे खरे आहेत. एक विक्री मोजतो, दुसरा पेटी.

हातात नेहमी एक लाख असावा असं ठरवलं, तर जानेवारीअखेर ५.७४ लाखांची सोय लागते. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा मागायची तर हा आकडा हाताशी हवा, तोही ऑक्टोबरमध्ये. शिवाय महिन्याअखेरची शिल्लक मधल्या तारखा झाकते. खरेदी रोज होते, वसुली बहुधा महिना सरता सरता येते. म्हणून हंगामात हे पत्रक आठवड्यागणिक मांडलेलं बरं.

नोव्हेंबरपासून गिऱ्हाइकं थोडी सैलावली, दुसऱ्या महिन्यात ५० ऐवजी ३० टक्केच आले आणि उरलेले २० टक्के एक महिना पुढे गेले, तर जानेवारीअखेरचा खड्डा ४.७४ वरून ७.९४ लाखांवर जातो. एक रुपयाही जास्त बुडालेला नसतो. मिरचीच्या भावाची चिंता सगळेच करतात. या सैलावण्याकडे मात्र फार कमी जण वेळेवर पाहतात. 'उद्यम' नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं २००६ चा कायदा सांगतो. वसुलीच्या बोलण्यात तो आधार जरूर वापरावा, पण अंदाजपत्रकात टक्केवारी खतावणीचीच धरावी.

आता अवकाळी पाऊस. पथारीवरचा माल भिजला, काळा पडला, आणि जानेवारीत ८,००० किलोंऐवजी ६,००० किलोच पूड विकली गेली. मूळ अंदाजपत्रकात ८,००० किलोंसाठी १६.४० लाखांचा खर्च धरला होता. प्रत्यक्षात विकलेल्या मालाचा खर्च १३.५६ लाख आला. मालक म्हणेल, जवळजवळ तीन लाख वाचले!

इथे लवचीक अंदाजपत्रक लागतं. त्याचा प्रश्न एवढाच असतो की ६,००० किलोंना किती खर्च यायला हवा होता. किलोला १९० प्रमाणे ११.४० लाख, आणि स्थिर खर्च घसाऱ्यासह १.२० लाख, एकूण १२.६० लाख. म्हणजे खर्च ९६ हजारांनी जास्त झाला आहे. शोध घेतला तर कारण पथारीवर सापडतं. खराब माल फेकावा लागल्यामुळे एक किलो वाळलेल्या मिरचीला चारऐवजी ४.४ किलो ओली लागली. किलोमागे १६ रुपये, गुणिले ६,०००. विक्री कमी झाल्याचा भाग पावसावर टाकता येईल. पण हे ९६ हजार पाहून मालकाने ताडपत्री किती होती आणि ती किती वेळात पोचली हे विचारायला हवं, आणि मूळ अंदाजपत्रक त्याला तो प्रश्न सुचूच देत नव्हतं.

किलोला १९० हा दर मात्र कितीही किलोंना लावता येत नाही. पथारीची जागा भरली की दुसरी भाड्याने घ्यावी लागते, आणि 'स्थिर' खर्च एका उडीत वर जातो. म्हणून किती किलोंपासून किती किलोंपर्यंत हा हिशेब चालेल, ते पत्रकाच्या माथ्यावरच लिहावं.

जानेवारीच्या घटलेल्या विक्रीचा रोकडीवरचा परिणामही लगेच पूर्ण दिसत नाही. पाच लाखांची विक्री कमी झाली, त्यातले एक लाख जानेवारीत कमी येतील, अडीच लाख फेब्रुवारीत, १.४० लाख मार्चमध्ये. तक्त्यातली फेब्रुवारीची २.७४ ची शिल्लक त्यामुळे टिकत नाही. रोखीची विक्री आणि वसुली मिळून साडेतीन लाख घटतात, दळण-पॅकिंगचे तीस हजार वाचतात, आणि शिल्लक ४६ हजारांनी उणी होते. कर्ज फेडायचा महिना मार्चवर जातो, हे बँकेला जानेवारीतच सांगितलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात ताळेबंदाआधी वीजबिल. त्यातला स्थिर आकार आणि युनिटमागचा आकार वेगळा न काढता बरेच जण सगळं बिल बदलत्या खर्चात टाकतात, आणि मग १९० चा आकडाच चुकतो. वाचकांनी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवावीत.