गेम तिघांचा, खातं एकाचं

तीन मित्र मिळून गेम बनवायला बसतात तेव्हा पैशांचा विषय सहसा एका वाक्यात संपतो: ‘जे येईल ते तिघांत सारखं.’ हे वाक्य बोललं तेव्हा खरंच असतं. पण पहिल्या दिवशी कुणाचंच काम झालेलं नसतं आणि कोण किती करेल हेही ठाऊक नसतं.

समजा, एक जण प्रोग्रामिंग करणार, दुसरा चित्रं आणि ॲनिमेशन, तिसरा संगीत. कालावधी अठरा महिने. नवव्या महिन्यात चित्रकाराला नोकरी लागते आणि तो बाजूला होतो. गेममधली निम्मी चित्रं त्याची आहेत. त्याचा तिसरा हिस्सा कायम ठेवला, तर उरलेली चित्रं काढणाऱ्याला द्यायला काही राहत नाही. हिस्सा काढून घेतला, तर त्याची नऊ महिन्यांची मेहनत फुकट जाते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर हे भांडण मिटत नाही.

यावर उपाय म्हणजे हिस्सा पहिल्याच दिवशी हातात न देता कामागणिक कमवायचा. आपल्या तिघांनी सुरुवातीला ४०, ४० आणि २० टक्के ठरवले आणि हिस्सा अठरा महिन्यांत समान गतीने जमा होईल असं लिहून ठेवलं, तर नवव्या महिन्यात जाणाऱ्या चित्रकाराचे २० टक्के पक्के होतात. उरलेले २० त्याच्या जागी येणाऱ्याला देता येतात. काही संघ प्रत्येकाचे तास मोजून हिस्सा काढतात. मला ते फारसं पटत नाही. मस्टर आलं की तास फुगतात, आणि दोन तासांत सुचलेली उत्तम चाल वीस तास रखडलेल्या चालीपुढे स्वस्त ठरते. महिन्याऐवजी कामाचे टप्पे धरणं मात्र चांगलं. अमुक पातळ्यांची चित्रं पूर्ण झाली की अमुक टक्के.

आता पैसे. स्टीमवर गेम विकायचा तर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. पुरेशी विक्री झाली की ते परत मिळतात. विक्रीतून स्टीम साधारण ३० टक्के ठेवून घेतं. शिवाय खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम गिऱ्हाईक सहसा परत करू शकतं, तेही वजा होतं. समजा, परतावे आणि विक्रीवरचा कर वजा जाता ३,२०,००० रुपये उरले. स्टीमचे ९६,००० गेले की २,२४,०००. ट्रेलर, आवाजांचे संच वगैरेंवर कुणीकुणी खिशातून घातलेले ४४,००० आधी परत केले की वाटायला १,८०,००० राहतात. प्रोग्रामरला ७२,०००, बाकी तिघांना प्रत्येकी ३६,०००. ‘खर्च आधी, वाटणी नंतर’ हे लिहिलेलं नसेल, तर त्या ४४ हजारांवरूनच बोलणं बंद होतं.

आणि ही सगळी रक्कम येते एकाच बँक खात्यात. वेगळी संस्था काढली नसेल, तर ज्याच्या नावावर खातं, त्याचंच ते उत्पन्न दिसतं. म्हणून कर कसा भरायचा आणि किती दिवसांत पैसे पुढे द्यायचे, हेही कागदावर हवं. तोंडी बोलण्यावर चालणारा धंदासुद्धा भागीदारी ठरू शकतो. १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा समान वाटला जातो, आणि संस्थेच्या देण्यांना प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो.

सर्वांत दुर्लक्षित कलम हक्कांचं. नोकर नसलेल्या मित्राने काढलेल्या चित्रांचा मालक साधारणपणे तोच असतो. पैसे दिले की ती आपोआप संघाचीच झाली, असं धरून चालू नये. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतरित करायला लेखी, सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गेम जगभर विकायचा असेल, तर ‘जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द हवेतच. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते मूळ निर्मात्याकडे परत जातात, वेगळं ठरवलं नसेल तर. अठरा महिने चालणाऱ्या कामात हे विसरून चालणार नाही.

भूमिका लिहिताना ‘आर्टिस्ट’ एवढंच लिहून भागत नाही. दुकानाच्या पानावरची चित्रं कोण काढणार, प्रसिद्धीनंतर सापडलेल्या चुका कोण दुरुस्त करणार, मतभेद झाला तर खेळाच्या रचनेत शेवटचा शब्द कुणाचा, हे नावानिशी ठरवा. प्रसिद्धीनंतरचं काम जवळजवळ नेहमी एकट्या प्रोग्रामरवर पडतं, तेव्हा थोडा हिस्सा त्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवा. दोन पानं पुरतात. सही करण्याआधी वकिलाला दाखवलेली बरी. आणि गेम कधी पूर्णच झाला नाही तर? चित्रं चित्रकाराकडे, चाली संगीतकाराकडे, कोड प्रोग्रामरकडे परत जाईल आणि गेमचं नाव इतरांच्या संमतीशिवाय कुणी वापरणार नाही, असंही एक वाक्य त्यात घाला.